भाऊबीजेची ओवाळणी यूपीआयने पाठवताना : अनुभव लिहा

धागाकर्ती (सातारा)

भाऊ पुण्यात, बहीण नागपुरात, भाचा बंगळुरात. ताटातलं पाकीट आता बऱ्याच घरांत मोबाईलवर येतं. 501 किंवा 1,100 पाठवणं वरवर सोपं दिसतं, पण नेमकं भाऊबीजेच्या सकाळी कुठेतरी अडतं. तुम्ही पाठवता कसं, आकडा कसा ठरवता, निरोप कुठे लिहिता आणि काय बिघडतं, ते सविस्तर लिहा. कुठलं ॲप चांगलं, यावर वाद नको. कामाची माहिती हवी.

रोखपाल_निवृत्त

सुरुवात नावापासून करा. नंबर किंवा यूपीआय आयडी टाकल्यावर, रक्कम भरण्याआधी किंवा पिन टाकण्याआधी, समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नाव दिसतं. तुमच्या फोनमध्ये 'ताई' असं जतन असेल, पण तिथे बँकेतलं नाव येतं आणि तेच वाचायचं. इथे दोन गोष्टी गोंधळ घालतात.

पहिली म्हणजे लग्नानंतरचं नाव. बहिणीचं खातं माहेरच्या नावाने असतं, किंवा सासरच्या, किंवा दोघांच्या नावाने संयुक्त असतं आणि पहिलं नाव भाऊजींचं दिसतं. त्यामुळे अनोळखी नाव दिसलं म्हणजे नंबर चुकला असं नाही, पण फोन करून विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरी म्हणजे जुना नंबर. बंद झालेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देते. तुमच्या यादीत मावशी असते आणि तो नंबर तिसऱ्याच माणसाच्या खात्याला जोडलेला असतो. यूपीआयचा व्यवहार एकदा यशस्वी झाला की तुमच्याकडून रद्द करता येत नाही. समोरच्याने परत पाठवले तरच पैसे येतात. बँकेत तक्रार करता येते, पण ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याच्या संमतीशिवाय ते सहसा परत येत नाहीत.

बहिणीची दोन-तीन खाती असतील तर नंबरवर पाठवलेले पैसे तिने मुख्य म्हणून निवडलेल्या खात्यात जातात. ते खातं ती वापरत नसेल तर "आलेच नाहीत" असा फोन येतो. म्हणून आधी विचारावं, "कुठल्या खात्यात येऊ दे?"

वाकडची_मुग्धा

नाव पटल्यावरही आम्ही आधी 1 रुपया पाठवतो. बहिणीने "आला" म्हटलं की 500. दोन्ही मिळून 501 होतात, आणि वरचा रुपया शकुनाचा म्हणून आधी गेलेला चांगलाच.

कोकणकडा

मुग्धाताई, पडताळणी ठीक, पण ओवाळणी तुटक होते. बहिणीला आधी "1 रुपया जमा" असा संदेश येतो आणि मग 500. आमच्याकडे आत्याला हे अजिबात आवडत नाही. 501 एका वेळीच द्यावं असं तिचं म्हणणं. चाचणीचा रुपया चार दिवस आधी पाठवला तर दोन्ही साधतं.

वाकडची_मुग्धा

चार दिवस आधी म्हणजे वसुबारसेच्या आसपास, हे जमेल. पण त्याच सकाळी पाठवणाऱ्याला ते उपयोगी नाही.

संगमनेरचा_राजू

पाडव्याला नवीन फोन घेणाऱ्यांसाठी लिहितो, कारण मुहूर्त म्हणून फोन पाडव्यालाच घेतला जातो आणि भाऊबीज दुसऱ्याच दिवशी येते.

नव्या फोनवर यूपीआय नव्याने सुरू केलं की पहिल्या 24 तासांत एकूण 5,000 रुपयांचीच मर्यादा असते. आयफोनवर काही बँकांमध्ये ती 72 तासांपर्यंत राहते. मर्यादा प्रत्येक व्यवहाराची नसून सगळ्या व्यवहारांची मिळून असते, आणि इथेच लोक फसतात. समजा, पाडव्याला संध्याकाळी सहाला फोन सुरू केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओवाळण्या पाठवायच्या आहेत. मोठ्या ताईला 2,100, दोघी धाकट्यांना प्रत्येकी 1,100, चुलतबहिणीला 501 आणि भाचीला 251. चौघींचे 4,801 होतात आणि ते जातात. भाचीचे 251 मिळवले की 5,052, म्हणून पाचवा व्यवहार नाकारला जातो. पडद्यावर मर्यादा ओलांडल्याचा संदेश येतो. लोक बँक बंद पडली समजून पुन्हा पुन्हा पिन मारतात, घाईत चुकीचा पडतो, आणि तीनदा चुकला की त्या दिवसापुरतं यूपीआयच अडकतं.

यावर उपाय म्हणजे सिम जुन्या फोनमध्ये असतानाच ओवाळण्या उरकणं, किंवा भाचीचे सहानंतर पाठवणं. सकाळीच द्यायचे असतील तर घरातल्या दुसऱ्याच्या खात्यावरून द्या आणि निरोपात तुमचं नाव लिहा.

निगडी_आई

मी तर म्हणते, यूपीआय लाईट वापरा. पिन लागत नाही, बँकेच्या गर्दीचा त्रास नाही, पटकन जातं. ओवाळणीला तेच उत्तम.

रोखपाल_निवृत्त

ताई, अर्धं बरोबर आहे. यूपीआय लाईटमधून एका वेळी 1,000 रुपयांपर्यंतच जातात. म्हणजे 251 आणि 501 जातील, पण 1,001 आणि 1,100 जाणार नाहीत. आपल्या ओवाळणीतला वरचा रुपयाच तिथे आड येतो. लाईटमध्ये एकूण शिल्लकही 5,000 च्या वर ठेवता येत नाही. शिवाय पासबुकात लाईटमध्ये पैसे भरल्याची एकच नोंद होते. कोणाला किती दिले हे ॲपच्या इतिहासातच दिसतं. हिशेब ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

गडहिंग्लज_मास्तर

आता निरोपाबद्दल, कारण खरा घोटाळा तिथे आहे. ॲपमध्ये लिहिण्याच्या जागा दोन प्रकारच्या असतात. एक, पैशासोबत जाणारी टीप. दुसरी, सणाचं चित्र, दिव्यांची पार्श्वभूमी, व्यवहाराखाली लिहिलेल्या गप्पा. टीप बँकांच्या व्यवहारासोबत जाते. चित्र आणि गप्पा त्या ॲपपुरत्या. तुम्ही एका ॲपवरून दिव्यांचं सुंदर कार्ड निवडलं आणि बहीण दुसरं ॲप वापरत असेल, तर तिला फक्त रक्कम दिसते, फार तर टीप. भावाला वाटतं ताई काही बोललीच नाही, आणि ताईला वाटतं दादाने नुसते पैसे टाकले. अशी रुसारुशी दरवर्षी कुठे ना कुठे होते.

टीपही मोठी लिहू नये. साधारण 50 अक्षरांच्या आत ठेवा. स्मायली, फुलं, अवतरणचिन्हं टाळा. बँकेच्या विवरणात व्यवहार क्रमांक, नाव आणि बँकेचं नाव यांच्यामागे टीप लागते आणि शेवटचा भाग कापला जातो. म्हणून महत्त्वाचा शब्द आधी लिहा. "भाऊबीज ओवाळणी, दादा" चालेल. "प्रिय ताईस दीपावलीच्या आणि भाऊबीजेच्या" असं सुरू केलं तर दादाचं नावच उरत नाही. गमतीचे शब्दही टीपेत नकोत. तेच विवरण उद्या कर्जासाठी बँकेत द्यावं लागतं. एकदा गेलेली टीप बदलता येत नाही.

आणि मनापासून लिहायचं ते वेगळं व्हॉट्सॲपवर लिहा. जुन्या मनीऑर्डरच्या फॉर्मवरही निरोपाला चार ओळींचीच जागा असे, सविस्तर पत्र वेगळंच जायचं.

धागाकर्ती (सातारा)

मास्तर, टीप देवनागरीत लिहिली तर समोर नीट दिसते का?

गडहिंग्लज_मास्तर

ॲपमध्ये बहुधा दिसते. बँकेच्या विवरणात काहींना कोरी जागा मिळते, काहींना प्रश्नचिन्हं. बँकेनुसार फरक पडतो. खात्री हवी असेल तर टीप रोमन अक्षरांत "Bhaubeej Dada" अशी लिहा आणि मराठी निरोप स्वतंत्र पाठवा.

बोरिवलीची_पिंकी

मला वाटलं धागा गिफ्ट कार्डबद्दल आहे! मी भाचीला दुकानाचं ई-गिफ्ट कार्ड 1,000 चं पाठवते, त्यावर मोठा निरोपही मावतो. पण ते त्याच दुकानात चालतं आणि मुदत संपते, हे खरं. तिला रोख ओवाळणी हवी असेल तर तुमचंच बरं.

पिंपळगाव_दिनेश

बहिणीने यूपीआयवरून मागणी पाठवावी, भावाने मंजूर करावी. रक्कम आधीच भरलेली असते, चुकायला जागा नाही.

रोखपाल_निवृत्त

दिनेशराव, ही सोय होती, पण व्यक्तीने व्यक्तीकडे मागणी पाठवणं ऑक्टोबर 2025 पासून बंद केलं आहे, कारण फसवणूक त्यातूनच व्हायची. रक्कम आधी भरून द्यायची असेल तर बहिणीने ॲपमधून रकमेसह क्यूआर तयार करावा. त्याच्या आत अशी ओळ असते :

```
upi://pay?pa=tai@bank&pn=Tai&am=501&cu=INR&tn=Bhaubeej
```

इथे am म्हणजे रक्कम आणि tn म्हणजे टीप. बहुतेक ॲप am दिलेला असला की रक्कम बदलू देत नाहीत. हा क्यूआर समोर धरून स्कॅन करणं उत्तम. फोटो मागवून गॅलरीतून उघडला तर 2,000 च्या वरची रक्कम अनेकदा अडते, म्हणजे 2,100 नेमकी तिथे थांबते.

एक मात्र ठाम लक्षात ठेवा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. "ओवाळणी आली आहे, स्कॅन करून पिन टाका" असं कोणी म्हटलं तर पैसे तुमच्याकडून जाणार आहेत. सणाच्या दिवशी आजी-आजोबांना हे आवर्जून सांगा.

दुबई_सांगली

आमच्याकडे भारतीय सिम बंद आहे. एनआरई खात्याला परदेशी नंबर जोडून यूपीआय चालतं, संयुक्त अरब अमिरात त्या यादीत आहे. पण बँकेने आणि ॲपनेही ही सोय सुरू केलेली हवी. दोन्हींकडे विचारल्याशिवाय भाऊबीजेवर विसंबू नका. आधी पंधरा दिवस लागले तरी चालतील, त्या सकाळी जमणार नाही.

नाशिक_अकाउंटंट

'पेंडिंग' दिसलं की लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. पहिला व्यवहार नंतर पूर्ण झाला तर 1,100 चे 2,200 जातात, आणि बहिणीकडून परत मागणं अवघड. तुमच्या खात्यातून पैसे कापले गेले आणि तिला मिळाले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पुढच्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत. त्यानंतर दररोज 100 रुपये भरपाई बँकेने द्यायची असते. तक्रारीसाठी 12 अंकी व्यवहार क्रमांक लागतो, म्हणून पडद्याचा फोटो ठेवा.

कोकणकडा

म्हणजे भाऊबीजेच्या सकाळी पेंडिंग झालं तर ओवाळायचं कसं? ताई ताट घेऊन थांबलेली असते.

नाशिक_अकाउंटंट

व्हिडिओ कॉलवर ओवाळून घ्या, पैसे मागाहून जमा होतील. पण आत्याच्या मते तेही तुटकच होणार.