अटेन्शनचा हीटमॅप पाहून ‘मॉडेलने हे शब्द जोडले’ असं म्हणावं का?

रानवारा: ‘मांजर खुर्चीवर बसलं नाही, कारण ती ओली होती.’ कोणता शब्द कोणाकडे किती लक्ष देतो ते दाखवणाऱ्या हीटमॅपमध्ये या वाक्यातल्या ‘ती’च्या ओळीत सगळ्यात गडद चौकोन ‘खुर्चीवर’चा आला. मॉडेलला नातं कळलं याला एवढा पुरावा पुरे, असं माझं मत. पटत नसेल त्यांनी सांगा.

गणितवेडा: नाही पटत. ‘ती’ची क्वेरी प्रत्येक शब्दाच्या कीशी गुणली जाते. २०१७च्या मूळ ट्रान्सफॉर्मरमध्ये अटेन्शन मोजणाऱ्या एका हेडला ६४ मिती होत्या, म्हणून येणारा आकडा ६४च्या वर्गमुळाने, म्हणजे ८ने भागतात. समजा ‘खुर्चीवर’ १६, ‘मांजर’ ८, ‘कारण’ ०. बाकीचे शब्द सोडून देऊ. भागून २, १, ० आणि बेरीज १ होईल असे भार काढणाऱ्या सॉफ्टमॅक्सनंतर ०.६७, ०.२४, ०.०९. भागलं नसतं तर ‘खुर्चीवर’ने ०.९९ हून जास्त घेतलं असतं आणि शिकताना ग्रेडियंट जवळपास शून्यावर आला असता.

हीटमॅप दाखवतो तो फक्त हा ०.६७. पुढच्या थरात जातं ते ०.६७ गुणिले ‘खुर्चीवर’ची व्हॅल्यू, म्हणजे त्या शब्दाकडून पुढे दिली जाणारी माहिती. ती व्हॅल्यूच नगण्य असेल, तर चौकोन कितीही गडद असो, त्यातून काही वाहत नाही.

कोकणमेवा: माझ्याकडे बर्ट आहे, ग्राहकांचे अभिप्राय वर्गीकरणासाठी. बऱ्याच हेडांत सगळा भार वाक्य संपल्याची खूण असलेल्या `[SEP]`वर जातोय. मॉडेल बिघडलंय का?

गणितवेडा: बिघडलेलं नाही, बर्टमध्ये हे नेहमी दिसतं. हेडला त्या वाक्यात काही काम नसलं तरी भारांची बेरीज १ भरावीच लागते. `[SEP]`ची व्हॅल्यू लहान असते, तिथे भार टाकला की फारसं काही मिसळत नाही. रानवारा, वर म्हणत होतो ते हेच.

पाटीपुस्तक: मराठीत एवढी भानगड कशाला? मांजर नपुंसकलिंगी, खुर्ची स्त्रीलिंगी. मॉडेल लिंग जुळवतं, विषय संपला.

सांजवेळ: या वाक्यापुरतं चालेल. ‘उशी खुर्चीवर ठेवली नाही, कारण ती ओली होती’ हे घ्या आणि लिंगावरून सांगा बघू! शिवाय जीपीटीसारख्या मॉडेलमध्ये पुढचे शब्द झाकलेले असतात. ‘ती’च्या जागी ‘ओली’ दिसतच नाही. बर्टला दिसतं. आणि ‘खुर्चीवर’चे दोन-तीन तुकडे, म्हणजे टोकन झाले असतील तर त्या सगळ्यांचे भार मिळवून बघा, नाहीतर नातं उगाच फिकं दिसेल.

रानवारा: मग तपासायचं कसं? ‘खुर्चीवर’चा भार शून्य करून ‘ओली’ची शक्यता घटते का बघू?

सांजवेळ: भार शून्य करा, उरलेल्यांची बेरीज पुन्हा १ करा, इथवर ठीक. पण ‘ओली’ मोजू नका. तो ईकार ‘ती’वरूनच मिळतो, खुर्ची गेली तरी येईल. वाक्यापुढे ‘ओली काय होती?’ जोडून ‘खुर्ची’ची शक्यता मोजा.

गणितवेडा: ती घटली नाही तरी हेड निरुपयोगी ठरत नाही, तीच माहिती दुसरं हेड वाहून नेत असेल.

रानवारा: म्हणजे घटली तर माझं खरं, नाही घटली तरी माझं खोटं ठरत नाही. ही कसली चाचणी?