गच्चीवरचं सोलर: दोन वर्षांत पैसे खरंच सुटतात का?

सी-४०३: परवाच्या मीटिंगमधलं २० किलोवॅटचं कोटेशन आणि कॉमन मीटरची वर्षभराची बिलं घेऊन बसलो होतो. मेसेज लांबलाय, पण मतदानाआधी वाचा.

कंपनीवाला म्हणतो, दोन वर्षांत पैसे वसूल. त्याने किलोवॅटला वर्षाला १,६०० युनिट धरलेत, म्हणजे एकूण ३२,०००. आपले पंप, लिफ्ट आणि जिन्यातले दिवे मिळून वर्षाला २६,४०० युनिट खातात. त्यावरची वीज ग्रीडला जाईल, पण तिचे बिलातल्या दराने पैसे मिळत नाहीत. त्याने मात्र सगळीच १५ रुपयांनी मोजलीय!

पुण्यात १,३०० धरणं बरं, जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन फार पडतं. शिवाय दुपारी तीननंतर टाकीची सावली पश्चिमेकडच्या पॅनलवर येते, म्हणून आणखी १० टक्के कमी केले. उरले २३,४०० युनिट. दर मी मुद्दाम १२ रुपये धरला. बचत २,८०,८००, त्यातून धुणं आणि देखभालीचे ३६,००० वजा, हातात साधारण २,४५,०००.

खर्च १३ लाख. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीला किलोवॅटमागे १८,०००, म्हणजे ३,६०,००० अनुदान. ते काम झाल्यावर येतं, त्यामुळे १३ लाख आधी आपल्यालाच उभे करावे लागतील. अनुदान मिळालं तर पावणेचार-चार वर्षं, नाही मिळालं तर सव्वापाच. माझं मत विचाराल तर हा सौदा चांगलाच आहे, फक्त दोन वर्षांचा नाही.

ए-१०२: म्हणजे आमच्या घरचं बिल कमी होणार ना?

सी-४०३: नाही काकू, फक्त कॉमन मीटरचं. ४८ फ्लॅटमध्ये वाटलं तर प्रत्येकी महिन्याला सव्वाचारशे रुपये. तेही वसुली झाल्यावर मेंटेनन्समधून कमी करता येतील.

बी-६०१: लाइट गेली तर लिफ्ट चालेल का यावर?

सी-४०३: नाही दादा. ग्रीड बंद पडलं की इन्व्हर्टरही बंद होतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. जनरेटर ठेवावाच लागेल.

ए-३०५: धुवायचं काम वॉचमनला सांगू. बोअरचं पाणी आहेच की.

सी-४०३: बोअरच्या पाण्याने पांढरे डाग पडतात ताई, मग घासूनही निघत नाहीत. टाकीचं गोडं पाणी आणि मऊ मॉप, तेही सकाळी लवकर, काच थंड असताना. उन्हाळ्यात दर पंधरवड्याला. इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये रोजचे युनिट दिसतात. स्वच्छ उन्हाच्या दिवशीही आकडा आदल्या आठवड्यापेक्षा बराच खाली आला, तर धूळ किंवा एखादी स्ट्रिंग, म्हणजे एकत्र जोडलेल्या पॅनलची रांग, बंद. हे कुणीतरी रोज बघायला हवं.

बी-६०१: आणि इन्व्हर्टर किती वर्षं टिकतो?

सी-४०३: दहाएक. म्हणून दरवर्षी १५,००० बाजूला टाकावे, ते मी वरच्या हिशेबात धरलेले नाहीत. आणि वॉटरप्रूफिंग आधी, स्ट्रक्चर नंतर. गेल्या पावसात सातव्या मजल्यावर गळती झाली होती, विसरलात का?