शब्दचर्चा: ‘ड्रायर’चा ड्रम आणि भिंतीला ‘चिकटलेले’ कपडे

शर्वरी:
पदार्थविज्ञानाची काही गणितं मराठीत करते आहे. एकावर अडले. मी केलेलं असं: “कपडे वाळवण्याच्या यंत्राच्या ड्रमची त्रिज्या 24 सेंमी आहे. कपडे सतत भिंतीला दाबलेले राहण्यासाठी ड्रमची किमान गती किती हवी?” मागे उत्तर दिलंय, मिनिटाला 61 फेरे. ‘दाबलेले’ कानाला खटकतंय. ‘चिकटलेले’ चालेल का? आणि ‘कपडे वाळवण्याचे यंत्र’ ऐवजी सरळ ‘ड्रायर’ लिहू का?

सुमनताई:
माझ्याकडे हाच त्रास आहे गं. सुती कुर्ते असे दाबलेले निघतात की दोनदा इस्त्री फिरवावी लागते. मशीनवर 400, 800, 1200 असे आकडे आहेत. मी हल्ली 400 वरच ठेवते, कपडे जरा ओले निघतात पण चुण्या कमी. 61 मात्र कुठे दिसला नाही.

शर्वरी:
सुमनताई, इस्त्रीचा विषय नाही हो :) पण ‘दाबलेले’ वाचून तुम्हाला इस्त्री आठवली, म्हणजे तो शब्द गेलाच.

अनंतराव:
‘ड्रायर’ लिहा, सगळ्यांना कळतं. आमच्या घरी ‘ड्रायरला लाव’ असंच म्हणतात. गणित सोपं आहे. केंद्रोत्सारी बल कपड्यांना बाहेर ढकलतं, ते वजनाएवढं झालं की कपडे चिकटले. ω²r = g. कोणताही ड्रम घ्या, हेच सूत्र.

खटपट्या:
कोणताही ड्रम नाही चालायचा, अनंतकाका. मशीन दुरुस्त करतो म्हणून सांगतो. आपल्याकडे ‘ड्रायर’ म्हटलं की निम्म्या गिऱ्हाइकांच्या डोळ्यासमोर सेमी ऑटोमॅटिकचा उजवीकडचा छोटा टब येतो. तो उभा असतो आणि भोवऱ्यासारखा फिरतो. फ्रंट लोडचा ड्रम आडवा. तिसरा प्रकार गरम हवेचा ड्रायर, तोही आडवाच, पण घरात क्वचित दिसतो. उभ्या टबात कपडे खाली पडणार कुठे? खाली तर बूड आहे.

आणि सेमीच्या ‘ड्रायर’मध्ये कपडे वाळत नाहीत, नुसते पिळून निघतात. दोरीवर टाकावेच लागतात.

मुक्ता:
खटपट्यांनी नेमकी जागा पकडली. या गणितात शब्द बदलला की उत्तर बदलतं.

आडवा ड्रम घ्या. कपडा फिरत फिरत सगळ्यात वर येतो तेव्हा त्याचं वजन त्याला खाली, म्हणजे केंद्राकडेच ओढत असतं. वर्तुळात फिरायला केंद्राकडे जेवढी ओढ लागते तेवढी वजनच पुरवत असेल, तर भिंतीला काही ढकलावं लागत नाही. तीच सीमा. फेरे त्याहून कमी असले तर वर पोचायच्या आधीच कपडा भिंत सोडून खाली पडतो. ω²r = g मध्ये r 0.24 मीटर घातला की ω येतो सेकंदाला 6.4 रेडियन, म्हणजे मिनिटाला 61 फेरे. वस्तुमान कटून जातं, त्यामुळे रुमाल असो की जीन्स, आकडा तोच.

आता उभा टब. इथे वजन भिंतीला समांतर, खाली ओढतं. बूड नाही असं समजा. मग कपडा वर धरून ठेवायला फक्त घर्षण उरतं आणि ते भिंतीच्या रेट्यावर अवलंबून. जत्रेतल्या मौत का कुव्यात मोटारसायकल तशीच टिकते. अट होते μω²r = g. छोट्या टबाची त्रिज्या 12 सेंमी आणि घर्षण गुणांक μ 0.4 धरला तर 136 फेरे लागतात. μ 0.25 धरला तर 173. प्रश्नात घर्षणाचा उल्लेख नाही आणि उत्तर 61 दिलंय, म्हणजे प्रश्न लिहिणाऱ्याच्या मनात आडवाच ड्रम होता. ‘ड्रायर’ एवढंच लिहिलं तर आपला विद्यार्थी उभा टब डोळ्यासमोर आणेल आणि μ शोधत बसेल.

अनंतराव:
मान्य, आडवा. पण बल केंद्रोत्सारीच. शाळेत तेच शिकलो.

मुक्ता:
ड्रमबरोबर फिरत बसून पाहिलं तर तुमचा शब्द बरोबर. बाहेर उभं राहून पाहिलं तर कपड्याला बाहेर ढकलणारं कोणीच नाही. भिंत त्याला आत ढकलते, ते अभिकेंद्री. पाणी जातं कारण भोकापाशी त्याला आत वळवणारी भिंत नसते, ते सरळ निघून जातं. एका उत्तरात दोन्ही शब्द मिसळले की मुलं बलांची बेरीज करून शून्य काढतात.

अनंतराव:
कपडे बाहेरच्या बाजूला दाबले जातात हे डोळ्यांनी दिसतं. मी शब्द सोडणार नाही.

खटपट्या:
सुमनताई, तुम्हाला 61 दिसणार नाही, कारण तो बटणावर नसतोच. धुताना ड्रम पन्नासच्या आसपास फिरतो, म्हणजे मुद्दाम त्या सीमेच्या खाली. कपडे वर जाऊन आपटले पाहिजेत, तेव्हाच मळ निघतो. पिळायच्या आधी मशीन ऐंशी-नव्वदच्या पुढे जाऊन कपडे गोल पसरवते. तेव्हा ड्रममध्ये डोकावलं तर मध्ये भोक पडलेलं दिसतं. एक जाड चादर एकाच बाजूला बसली की ते जमत नाही, मशीन थांबते आणि परत हळू फिरवून बघते. गिऱ्हाईक म्हणतं मोटर गेली. मोटर ठीक असते, चादर सोडवायची असते.

पण मुक्ताताई, 61 पुरत असेल तर मशीन नव्वदला का जाते?

मुक्ता:
कारण 24 सेंमी ही भिंतीची त्रिज्या आहे, आतल्या थरातल्या कपड्यांची नाही. गच्च भरलेल्या ड्रममध्ये आतला कपडा केंद्रापासून 15 सेंमीवर असेल, तर त्याला 77 फेरे लागतील. 61 ला बाहेरचा थर टिकेल, आतला पडतच राहील. त्यामुळे ‘कपडे’ ऐवजी ‘भिंतीलगतचा लहानसा कपडा’ लिहिलेलं बरं. आणि 1200 फेऱ्यांना कपड्यावरचा रेटा त्याच्या वजनाच्या सुमारे 387 पट असतो. सुमनताईंच्या चुण्यांचं कारण तिथे आहे, 61 पाशी नाही.

सुमनताई:
म्हणजे 400 बरोबरच करते मी.

शर्वरी:
‘चिकटलेले’ बद्दल कोणीच बोललं नाही.

खटपट्या:
नको. मशीन बंद झाल्यावरही ओले कपडे ड्रमला चिकटलेलेच असतात, हाताने ओढून काढावे लागतात. ते फिरण्यामुळे नाही, ओलेपणामुळे आणि एकमेकांत रुतल्यामुळे. पोरं म्हणतील, गती शून्य असली तरी चिकटलेत की.

मुक्ता:
‘गती’ही बदल. शालेय परिभाषेत गती म्हणजे नुसतं हलणं. चाल आणि वेग वेगळे. इथे ‘मिनिटाला किती फेरे’ सरळ विचार.

शर्वरी:
असं केलं: “कपडे पिळणाऱ्या यंत्राचा ड्रम आडव्या अक्षाभोवती फिरतो. त्याची त्रिज्या 24 सेंमी आहे. भिंतीलगतचा लहानसा कपडा सगळ्यात वरच्या जागीही भिंत सोडणार नाही, यासाठी ड्रमने मिनिटाला किमान किती फेरे घेतले पाहिजेत?”

अनंतराव:
‘पिळणाऱ्या’ वाचून मला हाताने पिळणारी आजी दिसते. ड्रायरच ठेवा.

खटपट्या:
आणि ड्रमला भिंत कोण म्हणतं? आम्ही ‘ड्रमची साईड’ म्हणतो.

शर्वरी:
‘भिंत’ ठेवते, हौदाला असते तशी. ‘पिळणाऱ्या’चा विचार करते.