मदत हवी आहे: ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात 'का?' विचारणारे प्रश्न कसे काढायचे?

नेरूळची_मास्तरीण

नमस्कार मंडळी,

नवी मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला ऑपरेटिंग सिस्टिम शिकवते. अंतर्गत परीक्षेचा पेपर काढायचाय. शेड्युलिंग आणि मेमरी मॅनेजमेंट, एवढाच भाग.

अडचण अशी की मुलं गणितं बिनचूक सोडवतात. गँट चार्ट म्हटलं की पट्टीने आखून देतात, पेज फॉल्ट मोजा म्हटलं की पटापट मोजतात. पण 'मग या सिस्टिमने हीच पद्धत का घेतली?' असं विचारलं की अख्ख्या वर्गाचं एकच उत्तर: राउंड रॉबिन सगळ्यांना समान न्याय देतं, आणि एलआरयू सगळ्यात चांगलं.

शेड्युलिंगसाठी मी एक प्रश्न काढलाय. तीन कामं एकदमच आली, प्रत्येकाला १० मिलिसेकंद हवेत. आल्या क्रमाने चालवली तर ती १०, २० आणि ३० ला संपतात, सरासरी २०. एकेक मिलिसेकंदाचं राउंड रॉबिन लावलं तर २८, २९, ३०, म्हणजे सरासरी २९. राउंड रॉबिन इथे सपशेल हरतं. मग ते वापरतात कशाला? असा प्रश्न मुलांना अडवतो.

मेमरीच्या बाजूला असं काही सुचत नाहीये. बेलाडीची विसंगती पुस्तकातल्या त्याच बारा आकड्यांसकट पाठ असते, ३ फ्रेमला ९ आणि ४ फ्रेमला १० हे उत्तर आधी लिहून मग तक्ता भरतात!

एक अट आहे. पेपर दुसरे शिक्षकही तपासतात, त्यामुळे उत्तर तपासता येईल असं हवं. निबंध नको.

पनवेल_पॅसेंजर

मॅडम या टॉपिकचे आयएमपी असतील तर प्लीज टाका ना. आमची पण परीक्षा आहे. डेडलॉक येतो का या वेळी?

नेरूळची_मास्तरीण

@पनवेल_पॅसेंजर, अरे बाबा, मी पेपर काढणारी आहे, फोडणारी नाही. :)

कोपरीकर_काका

ताई, मेमरीचं सोपं आहे. 'एलआरयू हे फिफोपेक्षा कधीही वाईट का ठरत नाही?' असं विचारा. बेलाडीची विसंगती फिफोत येते, एलआरयूत येत नाही. म्हणजे एलआरयू फिफोपेक्षा सरसच, कोणत्याही क्रमावर. मुलांना कारण द्यावं लागेल आणि उत्तर एकच, तपासायला सोपं.

जुना_कर्नलवाला

काका, पहिलं वाक्य बरोबर, पण त्यातून दुसरं निघत नाही. एलआरयूला फ्रेम वाढवून दिल्या तर फॉल्ट वाढत नाहीत, ही त्याची स्वतःशीच तुलना झाली. तेवढ्याच फ्रेममध्ये फिफो त्याला हरवू शकतो.

दोन फ्रेम घ्या आणि क्रम १, २, १, ३, २. एलआरयूत ३ आलं की २ बाहेर जातं, कारण १ ला नुकताच हात लागलाय. लगेच पुन्हा २ हवं, म्हणजे एकूण ४ फॉल्ट. फिफो मात्र ३ साठी १ ला काढतं, २ जागेवर राहतं, एकूण ३ फॉल्ट. पाच आकड्यांत निकाल.

ताई, तुमच्या प्रश्नाकडे येतो. मुलांना एलआरयू जिंकलेलं बघायची सवय आहे, कारण पुस्तकातले क्रम तसे निवडलेले असतात. तुम्ही क्रम बदला. ४ फ्रेम द्या आणि १, २, ३, ४, ५ हे चक्र तीनदा फिरवा. एलआरयू नेमकं तेच पान काढतं जे आता लगेच लागणार आहे. ५ आलं की १ ला काढतं आणि पुढचं पान १ च. मग १ साठी २ ला काढतं आणि पुढचं पान २. पंधराच्या पंधरा फॉल्ट. फिफोचेही पंधराच. फ्रेम ४ ऐवजी ५ दिल्या की धाडकन पाचच. मध्ये काहीच नाही. मोठी फाइल पुन्हा पुन्हा सुरुवातीपासून वाचणारा प्रोग्राम अगदी असाच वागतो.

आता हाच क्रम एमआरयूने, म्हणजे सर्वात अलीकडे वापरलेलं पान काढून, सोडवायला सांगा. पहिल्या फेरीत ५, कारण सगळी पानं पहिल्यांदाच येतायत. दुसऱ्या फेरीत फक्त ४ वर फॉल्ट, तिसऱ्यात फक्त ३ वर. एकूण ७. भविष्य माहीत असलेल्या आदर्श पद्धतीचेही सातच येतात, करून बघा.

नेरूळची_मास्तरीण

वा! पण मग पोरं लगेच लिहितील, 'एमआरयू सगळ्यात चांगलं'. एक पाठांतर जाऊन दुसरं.

जुना_कर्नलवाला

म्हणूनच प्रश्न तिथे थांबवायचा नाही. त्याच्याच पुढे क्रम वाढवा: तीन फेऱ्या झाल्या की प्रोग्राम ती पाच पानं कायमची सोडतो आणि ६, ७, ८, ९ ही चार पानं तीनदा वापरतो. फ्रेम चारच.

एलआरयू चार फॉल्टमध्ये जुनी पानं झटकून टाकतं, पुढच्या दोन फेऱ्यांत एकही फॉल्ट नाही. एमआरयू इथे अडकतं. तिसऱ्या फेरीअखेर त्याच्याकडे १, ३, ४ आणि ५ आहेत, सर्वात अलीकडचं ५. ६ आलं की ५ जातं, ७ आलं की ६ जातं, ८ आलं की ७. १, ३ आणि ४ तीन फ्रेम बळकावून बसतात, त्यांना कोणी विचारत नाही आणि कोणी उठवतही नाही. चार पानं एकाच फ्रेममधून ये-जा करतात. बारापैकी बारा फॉल्ट.

बेरीज करा. एलआरयू १५ आणि ४, एकूण १९. एमआरयू ७ आणि १२, एकूण १९. बरोबरी! आता विचारा: 'दोन्हींचे फॉल्ट सारखे आले, म्हणून दोन्ही पद्धती सारख्याच का? कोणती कुठे हरली आणि कशामुळे?' आदर्श पद्धत ११ मध्ये आटोपते, म्हणजे सुधारायला जागा होती हेही दिसतं.

ऐरोली_डीबीए

हा धागा वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्याकडे हे घडलंय. रोज रात्री एक रिपोर्ट चालायचा, काही कोटी ओळींचं टेबल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारा. सकाळी लोक कामाला बसले की पहिला अर्धा तास सगळं रखडत. सर्व्हरची रॅम वाढवायला निघाले होते, सुदैवाने कोणीतरी डिस्कवरून होणारी वाचनं बघितली. रात्रीच्या वाचनाने दिवसभर लागणारी पानं कॅशमधून हुसकून लावली होती आणि त्या जागी पुन्हा कधी न लागणारी पानं बसली होती. आमचा कॅश आमच्याच लोकांनी लिहिलेला होता, साधा एलआरयू.

पोस्टग्रेस हे कसं टाळतं ते मुलांना सांगण्यासारखं आहे. टेबल बफरच्या एक चतुर्थांशापेक्षा मोठं असेल आणि ते पूर्ण वाचायचं असेल, तर ते २५६ केबीचं छोटं कडं घेतं आणि तेच फिरवून वापरतं. बाकीच्या बफरला धक्का लागत नाही.

कोपरीकर_काका

पाच आकड्यांचा क्रम कागदावर करून बघितला. मान्य. पण मग खऱ्या लिनक्समध्ये एलआरयू चालतंच कसं?

जुना_कर्नलवाला

काका, शुद्ध एलआरयू चालतच नाही. प्रत्येक वेळी मेमरीला हात लागला की यादी नव्याने लावायची म्हणजे मूळ कामापेक्षा नोंदीचंच काम जास्त. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये पेज टेबलच्या नोंदीत एक बिट असतो. पान वापरलं गेलं की हार्डवेअर तो १ करतं, बस्स. कधी वापरलं, किती वेळा, काही कळत नाही. कर्नल अधूनमधून येऊन तो बिट बघतो आणि पुसतो. क्लॉक पद्धत एवढ्याच माहितीवर उभी आहे.

लिनक्सने कित्येक वर्षं दोन याद्या ठेवल्या. फाइलचं पान पहिल्यांदा आलं की निष्क्रिय यादीत, पुन्हा वापरलं गेलं तरच सक्रिय यादीत. एकदाच वाचून सोडलेली फाइल अशी दारातूनच परत जाते, ऐरोलीकरांचा रिपोर्ट याच जातीचा. २०२२ च्या ६.१ कर्नलमध्ये अनेक पिढ्यांचं एलआरयूही आलं, पण ते दुसऱ्या वर्षाला नको.

ताई, इथून एक छोटा प्रश्न निघतो: 'हार्डवेअर पानामागे एकच बिट देतं. कर्नल नुकताच सगळे बिट पुसून गेला. त्यानंतर दोन पानं वापरली गेली. आधी कोणतं वापरलं हे सांगता येईल का?' उत्तर 'नाही'. तपासायला एक ओळ.

ठाणे_पूर्व

शेड्युलिंगच्या प्रश्नालाही हीच जोड द्या. तुमचा १०, १०, १० चा प्रश्न ठेवा आणि शेजारी दुसरा भार द्या: २८, १, १, मोठं काम रांगेत पुढे. एकूण काम तेवढंच, ३० मिलिसेकंद. आल्या क्रमाने २८, २९, ३०, सरासरी २९. राउंड रॉबिनने मोठं ३० ला संपतं, छोटी २ आणि ३ ला, सरासरी साधारण ११.७. म्हणजे २९ हा आकडा एकदा एकाच्या माथी, एकदा दुसऱ्याच्या. मुलांनी कामं बघूनच उत्तर द्यायला हवं.

आणि लॅबमध्ये विंडोज असेल तर एक गोष्ट दाखवा. Performance Options मध्ये Advanced वर Programs आणि Background services असे दोन पर्याय असतात. Programs असेल तर क्वांटम छोटा, घड्याळाचे २ टिक, आणि समोर उघडलेल्या प्रोग्रामला त्याच्या तिप्पटपर्यंत. Background services केलं की सगळ्यांना सरसकट १२ टिक. शेड्युलर तोच, फक्त एक बटण. डेस्कटॉपला एक आणि सर्व्हरला दुसरं का, हे विचारा.

नेरूळची_मास्तरीण

@ठाणे_पूर्व, हे उद्याच लॅबमध्ये दाखवते.

मेमरीचा प्रश्न असा मांडतेय: क्रम आणि ४ फ्रेम दिल्या आहेत. (अ) एलआरयू आणि एमआरयूचे फॉल्ट मोजा, ४ गुण. (ब) कोणत्या टप्प्यात कोण हरलं, आणि त्या क्षणी कोणतं पान चुकीचं बाहेर गेलं किंवा अडून बसलं ते नाव घेऊन लिहा, ४ गुण. (क) पहिल्या टप्प्यासारखं वागणारा एक खरा प्रोग्राम सांगा, २ गुण.

(ब) मध्ये 'नाव घेऊन' हे मुद्दाम टाकलंय. '१, ३, ४ अडकली' असं लिहिलं तर गुण, 'एमआरयू कार्यक्षम नाही' लिहिलं तर शून्य. दुसऱ्या तपासनिसालाही तेवढं पुरेल.

जुना_कर्नलवाला

(अ) मध्ये पद्धतींची नावंच देऊ नका. 'पद्धत क', 'पद्धत ख' म्हणा आणि नियम एका ओळीत लिहा. नाव दिसलं की पाठ केलेलं वाक्य बाहेर येतं.

ठाणे_पूर्व

मला पटत नाही. नाव काढलं की अर्धा वर्ग नियम चुकीचा वाचून (अ) मध्येच बुडेल आणि मग (ब) तपासण्यात अर्थ राहणार नाही. सत्तावीस आकड्यांचा तक्ता आहे, एक चूक झाली की पुढचं सगळं गेलं. त्यापेक्षा पहिल्या पंधराचा तक्ता तयारच द्या आणि शेवटचे बारा त्यांना करू द्या.

नेरूळची_मास्तरीण

तक्ता द्यायची सूचना घेतली, वेळही वाचेल. नावांचं अजून ठरत नाहीये. एका तुकडीला नावांसकट आणि दुसरीला नावांशिवाय दिला तर चालेल का, की मुलं तक्रार घेऊन येतील?

पनवेल_पॅसेंजर

तक्रार येणार मॅडम. १०० टक्के.