अकरा वर्षं पिग्मी भरून वडगावात घर: थांबला ते बरं केलं, की उशीर केला?

वडगावकर

आमच्या मित्राचं स्वतःचं घर झालं! बेळगावच्या वडगावात, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे जरा मोकळी जागा. दसऱ्यानंतर नोंदणी झाली, आता वास्तुशांत ठरवायचं चाललंय. हा उद्यमबागेत लेथवर काम करतो, वैनी घरी ब्लाऊज शिवतात. 2014 पासून रोज शंभर रुपये पिग्मी, पाच वर्षांनी दोनशे. दर वर्षी पिग्मी मुदत संपली की रक्कम उचलून ठेवीत टाकायची, एक रुपया बाजूला काढायचा नाही. नोंदणीच्या दिवशी वैनींनी अकरा वर्षांची पिग्मीची कार्डं रबर लावून पिशवीत आणली होती. कुणी मागितली नव्हती. सोबत असावीत म्हणून आणली, म्हणाल्या.

मनापासून अभिनंदन करायला हा धागा काढलाय. खरं आमच्या कट्ट्यावर वाद झाला. एक जण म्हणाला, "एवढं थांबून काय मिळवलं? 2014 ला कर्ज काढलं असतं तर हेच घर निम्म्याहून कमी पैशात आलं असतं." तुमचं मत काय?

हिंडलग्याचा

अभिनंदन त्यांचं, खरं मी कट्ट्यावरच्या गड्याच्या बाजूचा. त्या गल्लीत 2014 ला असलं घर अकरा-बारा लाखाला मिळत होतं. आता किती पडलं? पंचवीसच्या वर नक्की. त्याने साठवलं किती, घर महाग झालं किती, याचा मेळ घाला. घराचा भाव माणसाच्या पिग्मीसाठी थांबत नाही. वर भाडं गेलं ते वेगळंच.

वडगावकर

घर 26 लाखाला. पिग्मीचे व्याजासह पावणेसात लाख झाले, बाकी भिशी आणि बोनस मिळून स्वतःचे नऊ लाख. कर्ज 19 लाख.

निवृत्त शाखाधिकारी

मी तीस वर्षं बँकेत कर्जाचे अर्ज बघितले, म्हणून विचारतो. 2014 ला तुमच्या मित्राचा पगार किती होता, आणि हातात रोख मिळायचा की खात्यात?

वडगावकर

साडेनऊ हजार. रोख. स्लिप नव्हती.

निवृत्त शाखाधिकारी

मग हिंडलगेकर, आता अर्ज माझ्या टेबलावर आला असं धरा. स्लिप नाही म्हणजे बहुतेक ठिकाणी अर्ज तिथेच परत. तरी धरू की मालकाने पगाराचा दाखला दिला. साडेनऊ हजारात घर चालवून हप्त्याला 3,800 च्या वर मी धरणार नाही. तेव्हा व्याज दहा टक्क्यांच्या आसपास होतं, वीस वर्षांना लाखामागे साधारण 965 रुपये हप्ता. म्हणजे कर्ज बसतं चार लाखाच्या आत. घर अकरा लाखाचं. उरलेले सात लाख आणि नोंदणीचा खर्च कुठून आणणार? 2014 ला त्याच्याकडे पिग्मीची पहिली कार्डं होती.

या अकरा वर्षांत नुसते पैसे साठले नाहीत. पगार खात्यात यायला लागला, वाढला, वैनींनी शिवणकामाचं उत्पन्न दाखवून रिटर्न भरलं असणार. नाहीतर 19 लाख कुणी दिले नसते.

वडगावकर

अगदी तसंच. आता त्याचे 27 आणि वैनींचे 9 हजार धरले. वैनींनी तीन वर्षं रिटर्न भरलंय. हप्ता वीस वर्षांचा, 16,200 च्या आसपास.

हिंडलग्याचा

2014 चं मान्य. खरं 2021 चं काय? तेव्हा पंतप्रधान आवास योजनेत वर्षाला सहा लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना व्याजाचं अनुदान 2.67 लाखांपर्यंत मिळत होतं. ती योजना मार्च 2022 ला बंद झाली. माझ्या मेहुण्याने तेवढ्यात उरकून घेतलं, त्याच्या कर्जातून सरळ रक्कम वजा झाली. तुमचा मित्र "अजून जरा साठू दे" म्हणत राहिला, आणि अनुदान गेलं. याला मी संयम म्हणणार नाही.

निवृत्त शाखाधिकारी

हा मुद्दा तुमचा बरोबर. 2021 ला त्याचं दोघांचं उत्पन्न दाखवता आलं असतं तर ती संधी होती. ते तीन रिटर्न तीन वर्षं आधी सुरू करायला हवे होते. पिग्मी न चुकता भरणाऱ्या माणसालाही कुणी हे सांगत नाही, याची मला हळहळ वाटते.

येळ्ळूर रोड

मला वाटतं त्याने प्लॉट घ्यायला हवा होता. 2017 ला आमच्या भागात दोन गुंठे साडेचार लाखाला जात होते. मी घेतला, बाँडवर. आता घर बांधू म्हटलं तर बँक दारात उभी करीना. तरी ठीक आहे, आता असल्या जागेला महापालिकेचा बी-खाता मिळतो म्हणतात, म्हणजे प्लॉट रीतसर झालाच की. आणि मी घ्यायच्या आधी ईसी, म्हणजे जागेच्या नोंदणी झालेल्या व्यवहारांचा दाखला, काढली होती, एकदम कोरी. तुमचा मित्र प्लॉट घेऊन बसला असता तर आज जागा त्याची असती.

वडगावकर

त्यालाही 2017 ला दाखवला होता, तुमच्याच बाजूला. कारखान्यातले पाच-सहा जण घेत होते. हा आठवडाभर झोपला नाही. शेवटी नको म्हणाला, आणि तेव्हा आम्ही सगळे त्याला भित्रा म्हणालो. मीसुद्धा.

निवृत्त शाखाधिकारी

येळ्ळूर रोड, रागावू नका, तुमच्या भल्यासाठी लिहितो. बाँडवरचा व्यवहार म्हणजे स्टँप पेपरवर नोटरी केलेला करार. त्याने जागेची मालकी तुमच्याकडे येत नाही, त्याला नोंदणी लागते. आणि नोंदणी झाली नाही म्हणून तो व्यवहार ईसीत दिसतही नाही. म्हणजे तोच प्लॉट त्या शेतकऱ्याने किंवा त्याच्या मुलाने आधी दुसऱ्याला बाँडवर दिला असेल, तरी तुमची ईसी कोरीच येणार, आणि त्याचीही कोरीच. एकाच प्लॉटचे दोन मालक, दोघांच्या हातात कोरी ईसी, असे लोक माझ्यासमोर बसलेले आहेत. उताऱ्यावर अजून शेतकऱ्याचंच नाव आहे ना, ते आधी बघा.

बी-खात्याचं म्हणाल तर महापालिका त्यावर कर घेते. लेआउट बुडाकडून, म्हणजे नगरविकास प्राधिकरणाकडून, मंजूर झाला असा त्याचा अर्थ होत नाही, आणि बहुतेक बँका त्यावर घरकर्ज देत नाहीत. बिनशेतीचा आदेश आणि मंजूर नकाशा दाखवा म्हटल्यावर विकणारा "ते नंतर होतं की ओ" म्हणाला, तर तिथेच उठायचं.

येळ्ळूर रोड

उताऱ्यावर त्याचंच नाव आहे. आता काय करू सांगा. साडेचार लाख माझ्या बायकोच्या पाटल्यांचे होते.

निवृत्त शाखाधिकारी

मूळ करार, पैसे दिल्याच्या पावत्या आणि ताजा उतारा घेऊन दिवाणीच्या चांगल्या वकिलाकडे जा. शेतकरी अजून बोलतोय तोवर जा. इथे बसून मी तुम्हाला होईल किंवा होणार नाही असं सांगू शकत नाही.

शहापूरची सून

मला एक विचारायचंय. नोंदणीला उशीर का झाला? ऑगस्टअखेर नोंदणी शुल्क एक टक्क्यावरून दोन झालं. आधी केली असती तर 26 हजार वाचले असते. आणि 45 लाखांच्या आतल्या घराला मुद्रांक तीनच टक्के असतो ना? त्यांच्याकडून जास्त घेतलं काय?

वडगावकर

मुद्रांक तीन टक्के नाही हो, ती सवलत नव्या फ्लॅटच्या पहिल्या विक्रीला. हे जुनं घर. पाच टक्के, त्यावर सेस-सरचार्ज, आणि दोन टक्के नोंदणी, सगळे मिळून 1,97,600 गेले.

उशिराची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. घर विकणाऱ्याच्या वडिलांच्या नावावर होतं, वडील जाऊन सहा वर्षं झालेली. ऑक्टोबर 2024 पासून ई-खाता, म्हणजे महापालिकेतली मालकाच्या नावाची डिजिटल नोंद, असल्याशिवाय नोंदणी होत नाही, आणि ई-खात्यासाठी आधी वारसांची नावं लागायला हवीत. तीन भाऊ, दोन बहिणी. एक बहीण गडहिंग्लजला, तिचं आणि भावांचं बोलणं बंद. एजंट म्हणाला, भावांच्या सह्या घ्या, बहिणीचं नंतर बघू. मित्र म्हणाला, तिची सही नसेल तर मी इसार देणार नाही. तो स्वतः दोनदा गडहिंग्लजला गेला. दुसऱ्या वेळी वैनीही गेल्या. त्या बाईने चहा केला आणि म्हणाली, "माझ्या वाट्याचे पैसे माझ्या खात्यात येऊ देत, मी सही करते." मित्राने तिचा वाटा तिच्या खात्यात भरायची अट खरेदीखतात घालून घेतली. त्यात पाच महिने गेले.

कागद वकिलाकडून वाचून घेतले, आताचे सगळे कन्नडमध्ये. सर्वांत जुना दस्त मात्र 1956 च्या आधीचा, मुंबई राज्यातला, मराठीत. तो त्याने स्वतः बसून वाचला, सीमा बोटाने लावून. पूर्वेला विहीर लिहिली होती, आता तिथे शेजाऱ्याची न्हाणी आहे.

शहापूरची सून

मग ते 26 हजार गेले तर जाऊ देत. माझ्या सासऱ्यांनी एका आत्याची सही न घेता घर घेतलं होतं. बारा वर्षं कोर्टात गेली, घर अजून विकता येत नाही. तुमच्या वैनींना माझ्याकडून हळदीकुंकवाचं आमंत्रण.

हिंडलग्याचा

बहिणीच्या सहीसाठी थांबला ते मानलं, तिथे माझा वाद नाही. पैसे साठवण्यात मात्र तीन-चार वर्षं जास्त गेली, या मतावर मी आहे. 36 हजारात 16 हजारांचा हप्ता एकोणचाळीसाव्या वर्षी सुरू, तो एकोणसाठला संपणार. कारखान्यात मंदी आली तर?

निवृत्त शाखाधिकारी

ती भीती खोटी नाही. चार-सहा हप्त्यांचे पैसे बाजूला हवेत, नऊ लाखांतले बहुतेक संपलेत. म्हणून एक सांगतो. आवास योजनेचा दुसरा टप्पा सप्टेंबर 2024 पासून सुरू आहे. घर 35 लाखांच्या आत, कर्ज 25 लाखांच्या आत, वर्षाचं उत्पन्न नऊ लाखांच्या आत आणि देशात कुठेही पक्कं घर नावावर नसेल, तर 1.80 लाखांपर्यंत व्याज अनुदान पाच वार्षिक हप्त्यांत मिळतं. जुनं घर विकत घेतलं तरी चालतं. खरेदीखतावर वैनींचं नाव आहे ना? कर्ज दिलेल्या शाखेत लगेच विचारायला सांगा.

वडगावकर

दोघांच्या नावावर आहे, वैनींचं नाव आधी. त्याला आत्ताच फोन केला, सोमवारी रजा टाकून बँकेत जातोय. हिंडलगेकर, 2.67 गेले ते गेले, खरं हे तुमच्यामुळे निघालं. वास्तुशांतीला या, कुंदा मी आणतो. येळ्ळूर रोड, तुम्हीही या, आणि वकिलाकडे जाताना सोबत हवी असेल तर मित्र येतो म्हणालाय.