दिवसभर एक्सेल चालवणाऱ्याने ओलेड लॅपटॉप घ्यावा का?

देवगडकर: आंब्याच्या पॅकिंगचा हिशेब बघतो. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा एक्सेल उघडंच. ओलेड डिस्प्ले फार आवडलाय, पण पट्ट्या कायमच्या उमटतात म्हणे. घेऊ की नको?

चिपळूणचा अकाउंटंट: नका घेऊ. आकडेच बघायचे तर साधी आयपीएस एलसीडी स्क्रीन पुरे. घरी सिनेमे बघायला ओलेड ठीक.

कुडाळवाली: माझा दीड वर्षाचा आहे. टास्कबार मुद्दाम काळा ठेवला होता, तरी खाली पट्टी दिसतेच! मग डार्क मोडचा उपयोग काय?

वेंगुर्ला: खारी, दमट हवा. आमच्याकडे टीव्हीसुद्धा टिकत नाहीत.

रत्नागिरी, लॅपटॉप दुरुस्ती: खाऱ्या हवेने पोर्ट आणि बोर्ड गंजतात, ते खरं. पण पट्टीचा हवेशी संबंध नाही.

कुडाळच्या ताई, तुमची पट्टी आजूबाजूपेक्षा उजळ दिसते का? ओलेडमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः पेटतो आणि पेटेल तितका झिजतो. तुमची पांढरी शीट दिवसभर पेटलेली होती, काळा टास्कबार जवळजवळ विझलेला. म्हणजे टास्कबार ताजा राहिला आणि वरचा सगळा भाग मंद झाला. नुसता टास्कबार काळा करून भागत नाही. खात्री करायची तर करड्या रंगाचं चित्र पूर्ण स्क्रीनवर लावा, मग स्क्रीन तासभर बंद ठेवून पुन्हा बघा. नाहीशी झाली तर तात्पुरती छाया होती, तशीच राहिली तर झीज.

कुडाळवाली: हो, उजळच आहे! पडवीत बसते म्हणून ब्राइटनेस कायम शंभरवर.

रत्नागिरी, लॅपटॉप दुरुस्ती: मग मुख्य कारण तेच. उजेड आणि उष्णता, दोन्हींनी झीज वाढते. देवगडकर, खिडकीकडे तोंड करून बसू नका, म्हणजे चाळीस-पन्नासवर भागेल. टास्कबार आपोआप लपेल असा ठेवा, एक्सेलची वरची रिबन Ctrl+F1 ने मिटवा, आणि शीटलाच गडद थीम लावा. जेवायला उठलात की स्क्रीन बंद व्हायला हवी, पाच मिनिटांची वेळ लावून ठेवा. स्क्रीनसेव्हर नको, त्यातही पिक्सेल पेटतातच.

चिपळूणचा अकाउंटंट: ब्राइटनेस कमी, रिबन मिटवलेली, शीट काळी. मग ओलेडला जास्त पैसे कशाला मोजायचे? शिवाय कमी ब्राइटनेसवर काही पॅनेल लुकलुकतात, माझं तर डोकं दुखतं.

रत्नागिरी, लॅपटॉप दुरुस्ती: लुकलुकीचं म्हणणं बरोबर आहे, सगळ्यांना जाणवत नाही एवढंच. देवगडकर, दुकानात ब्राइटनेस तीसवर आणून अर्धा तास काम करून बघा. वॉरंटीत बर्न-इन, म्हणजे अशी कायमची उमटलेली पट्टी, धरलंय का, तेही लेखी विचारा.

देवगडकर: ऑफिसात जुना मॉनिटर पडलाय. एक्सेल त्यावर आणि लॅपटॉपची स्क्रीन बंद, असं चालेल?

रत्नागिरी, लॅपटॉप दुरुस्ती: उत्तम. Win+P दाबून फक्त दुसरी स्क्रीन निवडा.

चिपळूणचा अकाउंटंट: म्हणजे ओलेड घेऊन बंदच ठेवायचा. मी तरी आयपीएसच सांगेन.