मदत हवी आहे: छोट्या सिव्हिल ठेकेदाराचं कॅपॅबिलिटी स्टेटमेंट, नमुना आहे का कुणाकडे?

खडी_मुरूम: शुक्रवारी टेंडर भरायचंय आणि सोमवारी एका कारखान्याच्या प्रोजेक्ट मॅनेजरला भेटायचंय. दोन्हीकडे कॅपॅबिलिटी स्टेटमेंट जोडायचंय. डीटीपीवाल्याने आठ पानं करून दिलीत, त्यात नुसतं 'दर्जा, सचोटी, वेळेत काम'. कुणाकडे वर्ड फाइल असेल तर टाका. घाई आहे.

निविदाकाका: फाइल नंतर. टेंडर कुणाचं, किती रकमेचं? फर्म मालकीची की भागीदारी? सारख्या कामाची अट काय आहे?

खडी_मुरूम: नगरपरिषद, काँक्रीट रस्ता, 90 लाख. मालकीची. अट: गेल्या 7 वर्षांत 40 टक्क्यांची तीन कामं, नाहीतर 60 ची दोन, नाहीतर 80 चं एक. पण मी नमुना मागितला होता.

रंगराव: आर्ट पेपरवर छापा, मशिनरीचे फोटो मोठे टाका. आणि पहिल्याच पानावर उद्यम नंबर, म्हणजे बयाणा माफ.

शिल्पा_क्यूएस: रंगराव, बयाणा त्यावर सोडू नका. 2012 चं लघुउद्योग खरेदी धोरण वस्तू आणि सेवांसाठी आहे, बांधकामाची कंत्राटं त्यात धरत नाहीत. निविदेत वेगळी सवलत लिहिली असेल तरच सोडायचा, नाहीतर लिफाफा क्रमांक 1 मध्येच बाद.

रंगराव: आमच्याकडे चालतं.

शिल्पा_क्यूएस: साहित्य पुरवठ्याच्या निविदेत चालत असेल.

निविदाकाका: मूळ मुद्द्यावर या. खडी_मुरूम, कोणती कामं झालीत ती रकमेसकट सांगा.

खडी_मुरूम: रस्ता 58 लाख, दुसरा रस्ता 41, तिसरा 37 (मोठ्या ठेकेदाराच्या हाताखाली), एका कारखान्यातला आतला रस्ता 31 (तीन वर्षं झाली), शिवाय शेड आणि गटारं.

निविदाकाका: 90 लाखांचे 40 टक्के म्हणजे 36 लाख. 58 आणि 41 बसतात, तिसरं पोटठेक्याचं आहे. पोटठेका खात्याच्या मंजुरीने होता का? ते पत्र नसेल तर बहुतेक ठिकाणी ते काम मोजत नाहीत. म्हणून 31 लाखांचं काम सोडू नका. सीपीडब्ल्यूडीच्या पद्धतीत पूर्ण झालेल्या कामाची किंमत दरसाल सरळ 7 टक्क्यांनी वाढवून धरतात. तीन वर्षांचे 21 टक्के धरले की 37.51 लाख, म्हणजे अट पार. पण तुमच्या निविदेत तसं कलम हवं, नसेल तर 31 ते 31 च.

शिल्पा_क्यूएस: आणि खासगी कामाला नुसता मालकाचा दाखला पुरत नाही, टीडीएसचा पुरावा मागतात. इथे गोची होते. मालकी फर्मला टीडीएस 1 टक्का, आणि बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर तो जीएसटी सोडून उरलेल्या रकमेवर कापतात. 31 लाखांच्या कामाचे 26एएसमध्ये 31 हजार दिसायला हवेत. स्टेटमेंटमध्ये 18 टक्क्यांसकट 36.58 लिहिलं, तर तपासणारा दोन्ही आकडे शेजारी ठेवून प्रश्न विचारणारच. रकमेच्या रकान्याच्या डोक्यावरच 'जीएसटी वगळून' लिहा. आणि रक्कम अंतिम बिलाची घ्या, कार्यादेशाची नको.

खडी_मुरूम: म्हणजे स्टेटमेंटमध्ये लिहायचं तरी काय?

निविदाकाका: दोन पानं बास. पहिल्यावर फर्म, नोंदणी वर्ग, जीएसटी, स्वतःची आणि भाड्याची यंत्रं वेगवेगळी. दुसऱ्यावर कामांचा तक्ता. 'काँक्रीट रस्ता' एवढंच लिहू नका. असं लिहा: 'एम30 काँक्रीट रस्ता, 640 मी. × 5.5 मी., जाडी 200 मिमी, काँक्रीट 704 घनमीटर, कार्यादेशाची तारीख, पूर्ण झाल्याची तारीख, दाखला पान 14.' शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, दाव्यामागचा कागद त्यावरून लगेच सापडतो. हे स्टेटमेंट निविदेतल्या ठरावीक नमुन्यांच्या जागी चालत नाही. ते नमुने भराच, हे सोबत जोडा.

शिल्पा_क्यूएस: कारखान्यासाठी मात्र तोच कागद देऊ नका. तिथे रस्त्याआधी शेड आणि गटारं घ्या, चालू प्लांटमध्ये काम केलं असेल तर ते सगळ्यात वर. पीएफ, ईएसआय आणि कामगार विम्याच्या मुदती लिहा, गेटपास त्यावर अडतो.

निविदाकाका: पटत नाही. दोन आवृत्त्या झाल्या की आकडे फिरतात. एकच तक्ता ठेवा, फक्त क्रम बदला.

खडी_मुरूम: बरं, तक्ता बसवतो. 41 लाखांच्या दाखल्यावर शाखा अभियंत्याची सही आहे, चालेल ना?

निविदाकाका: निविदेत 'कार्यकारी अभियंता किंवा समकक्ष' असेल तर नाही. उद्या सकाळी आधी तो दाखला बदलून आणा, तक्ता रात्री केला तरी चालेल.